पालनकर्त्याची सही कधी संपते?

चेक परत आला तो १९ ऑगस्ट २०२५, मंगळवार. माझ्या भाचीला पुण्यात प्रवेश मिळाला होता आणि वसतिगृहाची अठरा हजारांची अनामत दाजींनी तिच्याच बचत खात्यातून दिली होती. ती तिसरीत असताना उघडलेले हे खाते तिच्या नावावर होते आणि पालक म्हणून सही दाजींची होती. चेक त्यांनी ११ तारखेला लिहिला, वसतिगृहाने तो १८ तारखेला बँकेत टाकला. खात्यात ४६,२१५ रुपये होते आणि सही नऊ वर्षे चालत आलेलीच होती. तरी चेक वटला नाही, कारण मधे १४ ऑगस्टला भाची अठरा वर्षांची झाली होती.

“पैसे तिचे, खर्च तिच्यासाठी, सही माझी. मग चुकलं काय?” दाजींचा हा प्रश्न मला रास्त वाटला. त्याच्या मागे लागून मी नियम वाचले, तिच्याबरोबर दोनदा शाखेत जाऊन बसलो, आणि लक्षात आले की घराघरात ही गाठ बसते ती एकाच समजुतीमुळे. मूल मोठे झाले की खातेही आपोआप मोठे होते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या दिवशी आपोआप घडते ते एवढेच की पालकाचा अधिकार संपतो. मुलाची सही मात्र आपोआप सुरू होत नाही, ती बँकेत जाऊन सुरू करून घ्यावी लागते.

जमिनीच्या कागदांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे लवकर उमगेल. सातबाऱ्यावर लहान वारसाच्या नावाबरोबर ‘अ.पा.क.’ असा शेरा असतो, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस पंचवीस वर्षांचा झाला तरी तो शेरा स्वतःहून जात नाही. वयाचा पुरावा जोडून अर्ज करावा लागतो, तेव्हा तो कमी होतो. बँकेतले मायनर खाते हे त्याच जातीचे आहे.

कायद्याची मांडणी जुनी आहे. भारतीय सज्ञानता कायदा १८७५ चा. त्यात वय मोजण्याची रीतही दिली आहे. जन्माचा दिवस पूर्ण धरायचा आणि अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच व्यक्ती सज्ञान मानायची. म्हणजे १३ ऑगस्टची मध्यरात्र उलटली तेव्हाच दाजींचा अधिकार संपला होता. न्यायालयाने पालक नेमला असेल तर पूर्वी हे वय एकवीस होते, ती तरतूद १९९९ च्या दुरुस्तीने गेली. जुन्या आदेशांत किंवा घरातल्या बोलण्यात अजूनही ‘एकवीस’ ऐकू येते, ते तिथून आलेले आहे. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्द असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबी खटल्यात ठरवले. म्हणून बँक इतकी वर्षे मुलाच्या वतीने पालकाशी व्यवहार करते. मूल सज्ञान झाले की ‘च्या वतीने’ हे शब्दच गळून पडतात. चेक हा बँकेला दिलेला आदेश. आदेश लिहिला तेव्हा दाजींना अधिकार होता, पण पैसे द्यायची वेळ आली त्या दिवशी तो उरला नव्हता. बँकेने पाहिले ते हे.

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ ला लहान मुलांच्या ठेव खात्यांबद्दल सुधारित सूचना काढल्या. त्या सहकारी बँकांनाही लागू आहेत. दहा वर्षांपुढचे मूल स्वतः खाते उघडून चालवू शकते, त्याची मर्यादा त्या त्या बँकेने ठरवायची, आणि खाते कधीही उणे जाता कामा नये. आपल्या विषयाचा भाग पुढचा आहे. मूल सज्ञान झाल्यावर खाते कसे चालवायचे याच्या नव्या सूचना आणि सहीचा नवा नमुना घ्यायचा. खाते पालक चालवत असेल तर शिल्लक रकमेला खातेदाराकडून दुजोरा घ्यायचा. आणि या गोष्टी वेळेत व्हाव्यात म्हणून बँकेने आधीच हालचाल करायची, खातेदाराला कळवायचे. आमच्या बाबतीत संदेश आला असेलही, पण खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक दाजींनी तीन वर्षांपूर्वीच बंद केला होता.

स्वतः खाते चालवणाऱ्या मुलांचे काम सोपे असते असे मला वाटले होते. तसे नसते. दहाव्या वर्षी केलेली सही बहुधा वळणदार अक्षरात लिहिलेले नाव असते आणि अठराव्या वर्षी हात बदललेला असतो. त्यामुळे नमुना सही तिथेही नव्याने द्यावी लागते.

शाखेत या कामाला ‘मायनर टू मेजर’ म्हणतात. एक अर्ज, ताजा फोटो, आधार किंवा पासपोर्टसारखा ओळखीचा व पत्त्याचा अधिकृत पुरावा, आणि पॅन, नसल्यास त्याऐवजी भरायचा नमुना. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते. क्रमांक आयुष्यभर तोच राहतो, पण कार्ड फोटो-सहीसह दुरुस्त करून घ्यावे लागते, आणि ते बँकेत जायच्या आधी केलेले बरे. मग नमुना सह्या, नवा मोबाइल क्रमांक, नवे नामनिर्देशन. पालकाच्या नावाचे जुने कार्ड आणि उरलेले चेक परत करायचे. खाते क्रमांक सहसा तोच राहतो, बदलतो तो खात्याचा प्रकार. त्यामुळे किमान शिल्लक किती ठेवायची, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. लहान मुलांच्या खात्याला असलेली सूट पुढे राहीलच असे नाही.

भाचीचे काम पहिल्या दिवशी झाले नाही. यंत्रावर बोट ठेवले तर आधारची पडताळणी होईना. आधारमध्ये बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यायचे असतात, पंधराव्या वर्षीचे आम्ही कोणीच दिले नव्हते. यंत्र आठवीतल्याही आधीची बोटे शोधत होते. आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने दिले, नोंद व्हायला काही दिवस गेले. दुसरी अडचण नावाची होती. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचे नाव नुसत्या आद्याक्षराने. माणसाला तिन्ही नावे एकाच मुलीची दिसतात, संगणकाला दिसत नाहीत. आधारप्रमाणे नाव करून घेण्याचा अर्ज त्याच दिवशी दिला म्हणून पुढचा हेलपाटा वाचला.

आता मला ज्यावर थांबायचे आहे ती ओळ. अर्जाच्या शेवटी छापले होते की अमुक तारखेस खात्यात अमुक इतकी शिल्लक असून ती मला मान्य आहे. खाली सहीची जागा. काउंटरवरच्या बाईंनी पेनाने फुली मारून दिली आणि भाची सही करायला वाकली. मी तिला थांबवले. पालकाने नऊ वर्षे तिच्या वतीने जे पैसे हाताळले, त्याचा हिशेब तिच्यासमोर ठेवण्याची ही एकच वेळ बँकेच्या कागदपत्रांत येते. तिने निदान एकदा तो वाचायला हवा होता.

आम्ही पासबुक भरून घेतले. जुनी पाने संपली होती, म्हणून सुरुवातीपासूनचा उतारा मागितला. त्यात आजोबा दर दिवाळीला टाकायचे ते पाचशे रुपये होते, शाळेची शिष्यवृत्ती होती, व्याजाच्या बारीक नोंदी होत्या. आणि जून २०२० मध्ये एकरकमी काढलेले वीस हजार होते. भाचीने बोट ठेवून विचारले. टाळेबंदीत दाजींचे दुकान अडीच महिने बंद होते, घर त्या पैशांवर चालले. ते त्यांनी तिला तिथेच, बाकावर बसून सांगितले. तिने मान डोलावली आणि सही केली. ही सही न वाचता झाली असती तरी शिल्लक तेवढीच राहिली असती. पण मग तिला ते कधी कळले नसते.

प्रत्येक घरात ही गोष्ट इतक्या सरळपणे संपत नाही. पालकाने हे पैसे मुलाच्या हितासाठीच वापरायचे असतात. तसे झाले नसेल, तर दाद मागण्यासाठी मुदतीच्या कायद्यात वय लक्षात घेऊन सवलत आहे, पण ती सज्ञान झाल्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षे ताणता येते. म्हणून शंका असेल तर आधी उतारा घ्यावा, मग सही करावी. आणि ज्यांचे पालक वारले आहेत, विभक्त झाले आहेत किंवा सही द्यायला तयार नाहीत, त्यांनी अडून बसू नये. ओळख पटवायला बँक पालकाची सही मागू शकते, पण सज्ञान माणसाला स्वतःच्या खात्यासाठी पालकाची परवानगी कायद्याने लागत नाही. शाखेत हे शांतपणे, लेखी अर्ज देऊन सांगावे.

अपघात दावा न्यायाधिकरणाने मुलाच्या नावे ठेवायला लावलेली रक्कम मात्र वेगळी. आईवडील रस्त्यावरच्या अपघातात गेले तर भरपाईतला मुलाचा वाटा तो सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुसम्मा थॉमस प्रकरणात सांगितले आहे. ही ठेव मोडताना मूळ आदेशातल्या अटी वाचाव्या लागतात. त्या आदेशाची प्रत अशा मुलांच्या घरात जपून ठेवलेली असावी, कारण बँक तीच मागते.

खाते रूपांतरित केलेच नाही तर? बहुतेक ठिकाणी पैसे जमा होत राहतात, व्याजही मिळते, पण काढता येत नाहीत. म्हणूनच चूक उशिरा कळते. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यात येते. ती आल्याचे दिसते आणि हातात पडत नाही, असा प्रकार कॉलेजच्या पहिल्या वर्षात होतो. यावर काही मुले दुसऱ्या बँकेत नवे खाते काढतात आणि आधार तिकडे जोडतात. सरकारी रक्कम आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, त्यामुळे जुन्या खात्याकडे कोणी फिरकत नाही. दोन वर्षे खातेदाराचा व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होते. दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत वर्ग होते. तिथूनही ती परत मिळते, उद्गम पोर्टलवर शोधता येते, पण एवढा फेरा कशासाठी?

भाचीचे खाते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले. अनामत तोवर दाजींनी उसने घेऊन भरली होती. ते अठरा हजार तिने तिच्या खात्यातून त्यांना पाठवले, ओटीपी पहिल्यांदाच तिच्या मोबाइलवर आला. नामनिर्देशनाच्या रकान्यात आधी दाजींनी ताईचे नाव दिले होते. तिने ते तसेच ठेवले, आणि खाली नाते विचारले होते तिथे स्वतःच्या अक्षरात ‘आई’ असे लिहिले.