एकसमान चुंबकीय क्षेत्रात तिरका प्रवेश करणारा विद्युतभारित कण

एकसमान चुंबकीय क्षेत्रात शिरलेल्या विद्युतभारित कणावर त्याच्या गतीशी सदैव काटकोनात बल कार्य करते. त्यामुळे कणाची चाल तीच राहते, दिशा मात्र वळते. गती क्षेत्ररेषांना लंब असल्यास कण r = mv/qB त्रिज्येच्या वर्तुळकंसावरून जातो. तो किती कोनात बाहेर पडेल व किती काळ आत राहील, हे क्षेत्राच्या सीमेवरही अवलंबून असते.

एकच सरळ सीमा

क्षेत्राला एकच सरळ सीमा असेल आणि कण तिच्याशी θ हा लघुकोन करून शिरला, तर तो त्याच सीमेतून परत येतो. वर्तुळाची जीवा आपल्या दोन्ही टोकांच्या स्पर्शिकांशी सारखाच कोन करते. म्हणून निर्गमकोनही θ असतो, चाल कितीही असो. प्रवेशाच्या क्षणी बलाची दिशा क्षेत्राबाहेरच्या बाजूला असेल, तर वर्तुळाचे केंद्र बाहेर पडते आणि कण 2θ कोनातून वळतो. बल आतल्या बाजूला असेल, तर केंद्र आत येते आणि वळण 2π − 2θ होते. उदाहरणे सोडवताना या दोन कंसांची गल्लत वारंवार होते. आतील काळ म्हणजे वळणाचा कोन (रेडियनमध्ये) गुणिले m/qB.

मर्यादित रुंदीचा पट्टा

क्षेत्र d रुंदीच्या पट्ट्यापुरते असेल आणि कण सीमेला लंब शिरला, तर पलीकडे पडताना त्याचे विचलन φ पुढील सूत्राने मिळते: sin φ = d/r. येथे मात्र विचलन संवेगावर अवलंबून असते. r हे d पेक्षा मोठे नसल्यास कण पलीकडे पोहोचतच नाही. अर्धवर्तुळ पूर्ण करून मागे फिरतो.

उदाहरण: प्रोटॉन उपचार

पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संस्थेत कर्करोगावर प्रोटॉन उपचार केले जातात. अशा यंत्रणांत सुमारे २३० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे प्रोटॉन चुंबकांनी वळवून रुग्णापर्यंत नेतात. पुढील चुंबक केवळ गणितासाठी कल्पिला आहे.

क्षेत्र १.६ टेस्ला व रुंदी ०.७२५ मीटर मानू. २३० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनसाठी r सुमारे १.४५ मीटर येते; म्हणून sin φ = ०.५ आणि विचलन ३०°. या चालीला सापेक्षतेनुसार m ऐवजी γm घ्यावे लागते (γ ≈ १.२४५). त्यानुसार आतील काळ सुमारे ४.३ नॅनोसेकंद येतो.

उथळ गाठीसाठी ऊर्जा ७० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणली आणि क्षेत्र तेच ठेवले, तर r सुमारे ०.७७ मीटर होते व विचलन जवळजवळ ७०° होते. असा झोत नळीच्या भिंतीवरच आदळेल. विचलन ३०° राखायचे तर क्षेत्र सुमारे ०.८५ टेस्लापर्यंत उतरवावे लागते. म्हणूनच ऊर्जेच्या प्रत्येक बदलाबरोबर चुंबकांतील विद्युतप्रवाह बदलावा लागतो.

मर्यादा

प्रत्यक्षात क्षेत्र सीमेपाशी एकदम तुटत नाही, ते हळूहळू क्षीण होते. त्यामुळे चुंबकाची परिणामी लांबी लोहगाभ्याच्या लांबीहून थोडी वेगळी असते व ती मोजून घ्यावी लागते. तसेच गतीचा काही घटक क्षेत्ररेषांना समांतर असल्यास मार्ग मळसूत्राकार होतो. वरील सूत्रे मग लंब घटकालाच लागू पडतात.