दोन ट्रॅकच्या मधला तानपुरा

सतारीची एखादी मैफल ॲपवर बहुधा तुकडे होऊन येते. आलाप हा एक ट्रॅक, जोड दुसरा, झाला तिसरा. वादक मध्ये थांबलेला नसतो आणि तानपुरा तर अखंड चालू असतो. म्हणून आपलं ॲप हे रेकॉर्डिंग नीट वाजवतंय का, हे पाहायचं तर ट्रॅक बदलताना सतारीऐवजी तानपुऱ्याकडे कान द्यावा. तो क्षणभर तुटेल, दुहेरी ऐकू येईल किंवा एकदम लहानमोठा होईल. या तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि सेटिंग्जमधली बटणंही वेगळी.

तुटण्याचं कारण फाइलमध्येच असतं. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला 44,100 नमुने असतात. एमपी3 बनवताना ते 1,152 नमुन्यांच्या गठ्ठ्यांत बांधले जातात. शेवटचा गठ्ठा अपुरा राहिला तर उरलेली जागा शांततेनं भरतात. सुरुवातीलाही एन्कोडर आणि डीकोडर मिळून साधारण 1,105 नमुन्यांची, म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाइतकी शांतता येते. गाणं संपून दुसरं गाणं सुरू होताना ती कुणाला जाणवत नाही. चालू तानपुऱ्यात मात्र उचकी लागल्यासारखी ऐकू येते. ‘लेम’सारखे एन्कोडर ही भर किती आहे, याची नोंद फाइलच्या आरंभीच करून ठेवतात. गॅपलेस प्लेबॅक चालू असलं की प्लेअर ती नोंद वाचून तेवढाच भाग छाटतो आणि पुढची फाइल आधीच तयार ठेवतो. मूळ रेकॉर्डिंगमधल्या विरामांना तो हात लावत नाही, त्यामुळे हे बटण बंद करायचं मला तरी कारण दिसत नाही. ते चालू असूनही उचकी लागत असेल, तर जुन्या एन्कोडरनं नोंदच केलेली नसण्याची शक्यता मोठी.

तानपुरा दुहेरी ऐकू आला तर क्रॉसफेड चालू आहे, असं खुशाल समजा. स्पॉटिफायवर हा सरकता पट्टा 12 सेकंदांपर्यंत जातो. तो 6 वर असेल तर संपणाऱ्या ट्रॅकची शेवटची 6 सेकंदं आणि येणाऱ्या ट्रॅकची पहिली 6 एकदमच वाजतात. एक आवाज उतरत जातो, दुसरा चढत जातो. आलापाचा शेवटचा न्यास आणि जोडाची पहिली लय एकमेकांवर पडतात. दोन वेगळ्या गायकांचे ट्रॅक लागोपाठ असतील तर आणखी वाईट. एकाचा षड्ज काळी एक, दुसरीचा काळी पाच, आणि दोन्ही तानपुरे सहा सेकंद एकत्र! नाचाच्या, एका ठेक्याच्या गाण्यांना ही सोय शोभते. रागसंगीताला ती बंदच हवी.

तिसरा दोष सर्वांत फसवा, कारण तो चांगल्या हेतूनं येतो. जुनं भावगीत हळू आणि आजचं सिनेगीत कर्कश, ही तफावत मिटवायला व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन असतं. ॲप प्रत्येक ट्रॅकची सरासरी तीव्रता मोजतं आणि तो ट्रॅक एका ठरलेल्या पातळीवर आणतं. स्पॉटिफायच्या ‘नॉर्मल’ पर्यायात ही पातळी उणे 14 एलयूएफएस आहे. समजा, आपल्या मैफिलीतला आलाप उणे 23 वर आहे, जोड उणे 18 वर आणि झाला उणे 14 वर. मग आलाप 9 डेसिबलनं वर चढवायचा, जोड 4 नं, आणि झाला आहे तसाच ठेवायचा. आलापातला एखादा आघात मुळातच मोठा असेल तर आवाज फाटू नये म्हणून तो पुरते 9 डेसिबल चढत नाही, तरी बराच चढतोच. 10 डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. वादकानं शांततेतून झाल्यापर्यंत रचत नेलेली चढण अशी जवळजवळ सपाट होते. त्याची खूण पुन्हा तानपुऱ्यातच सापडते. आलापात तो मोठा असतो, जोड सुरू होताच खाली पडतो आणि झाल्यात आणखी दबतो.

अल्बम सलग क्रमानं लावला तर स्पॉटिफाय सगळ्या ट्रॅकना एकच दुरुस्ती लावतं, म्हणून चढण शाबूत राहते. तेच ट्रॅक प्लेलिस्टमध्ये घातले की प्रत्येकाला वेगळी दुरुस्ती लागते. त्यातही ‘लाउड’ हा पर्याय टाळाच. त्यात आवाजाची टोकं दाबणारा लिमिटर लागतो, आणि मग एकाच ट्रॅकच्या आतला चढउतारही सुरक्षित राहत नाही.

तेव्हा गॅपलेस कायम चालू ठेवा, क्रॉसफेड शून्यावर आणा आणि नॉर्मलायझेशन फक्त मिश्र प्लेलिस्टपुरतं राहू द्या. मैफल ऐकायला बसाल तेव्हा ते बंद करा, आणि आलाप हळू वाटला तर आवाज हातानं वाढवा.