विश्लेषण : टीव्हीवरचे मैदान पोपटी का दिसते? 'ऑटो' आणि 'नेटिव्ह' कलर स्पेस कधी निवडावी?

नव्या क्यूएलईडी किंवा ओएलईडी टीव्हीवर क्रिकेटचा सामना लावला की मैदानाचे गवत रंगवल्यासारखे पोपटी दिसते आणि खेळाडूंचे चेहरे उन्हात भाजल्यासारखे लालसर. अनेकांना वाटते, टीव्हीच भडक आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा पॅनेल उत्तम असते आणि घोळ मेन्यूतल्या एका सेटिंगचा असतो.

नेमके काय होते?

सेट-टॉप बॉक्समधून येणाऱ्या एचडी चित्रात रंग नसतो, आकडे असतात. समजा, गवताच्या एका ठिपक्यासाठी लाल ७०, हिरवा १४० आणि निळा ५० असे आकडे आले. यातला 'हिरवा' म्हणजे नेमका कोणता हिरवा, हे बीटी.७०९ या मानकात ठरलेले आहे. हे मानक १९९० सालचे. त्या काळच्या पडद्यांना जेवढे रंग दाखवता येत, तेवढेच त्यात बसवलेले आहेत. आजही एचडी वाहिन्या आणि एचडीआर नसलेले बहुतेक चित्रपट-मालिका याच हिशेबाने तयार होतात.

आजच्या चांगल्या पॅनेलचा हिरवा त्या मानकातल्या हिरव्यापेक्षा कितीतरी गडद असतो. तो साधारणपणे चित्रपटगृहांसाठी ठरवलेल्या डीसीआय-पी३ या मोठ्या रंगपट्ट्याच्या आसपास जातो. टीव्हीने 'हिरवा १४०' हा आकडा स्वतःच्या गडद हिरव्याच्या मापाने वाचला, की गवत पोपटी झालेच. 'नेटिव्ह' सेटिंग नेमके हेच करते. 'ऑटो'मध्ये टीव्ही आधी चित्र कोणत्या मानकाचे आहे ते पाहतो आणि आपल्या हिरव्यात मुद्दाम थोडा लाल, थोडा निळा मिसळून तो सौम्य करतो. मग कॅमेऱ्याला दिसले तसेच गवत पडद्यावर दिसते.

दोष इथेच आहे, हे कसे ओळखायचे?

सगळे रंग सारखे भडकत नाहीत, ही यातली गंमत. बीटी.७०९ आणि पी३ यांचा निळा एकच आहे, लाल थोडा वेगळा आणि हिरवा सर्वांत वेगळा. त्यामुळे नेटिव्हमध्ये गवत आणि चेहरे बिघडतात, तर गडद निळा फारसा बदलत नाही. पांढरा तर दोन्हीकडे सारखाच राहतो. म्हणून पंचांचा पांढरा कोटही निळसर किंवा पिवळट दिसत असेल, तर दोष कलर स्पेसचा नाही. 'कलर टोन' तपासावा.

चेहरा जवळून दिसत असताना चित्र थांबवावे आणि सेटिंग ऑटो-नेटिव्ह असे बदलून पाहावे. सॅमसंगच्या टीव्हीत ते Picture, Expert Settings, Color Space Settings असे सापडते. एलजीत त्याला Color Gamut म्हणतात. डायनॅमिक किंवा व्हिव्हिड पिक्चर मोडमध्ये बहुतेकदा नेटिव्हच असते. दुकानात ओळीने लावलेल्या टीव्हींत तोच नजरेत भरतो, घरी मात्र तासाभरात डोळे शिणतात. मोड बदलला की हे सेटिंगही बदलू शकते, तेव्हा मूव्ही किंवा फिल्ममेकर मोड निवडून मगच तपासणे बरे.

'कलर'चा आकडा कमी केला तर?

बहुतेक जण हेच करतात, पण त्याने काम होत नाही. ते बटण सगळेच रंग एकसारखे फिके करते. गवत ताळ्यावर येईपर्यंत निळी जर्सी विटकी दिसू लागते.

मग नेटिव्ह कशासाठी?

रोजच्या पाहण्यासाठी ऑटोच योग्य. एचडीआर चित्रपटांनाही तेच लागू, कारण त्यांच्या सिग्नलमध्ये रंग कोणत्या मानकाचे आहेत याची खूण असते आणि ऑटो ती वाचतो. अडचण येते ती खूण हरवल्यावर. पेनड्राइव्हवरची एखादी फाइल मोठ्या रंगपट्ट्यात बनलेली असते, पण तशी नोंद तिच्यात नसते. ऑटो तिला साधे एचडी समजतो आणि चित्र धुतल्यासारखे फिके दिसते. तिथे नेटिव्ह लावल्यास रंग मूळच्या जवळ येतात, अगदी अचूक नसले तरी. दुसरा उपयोग टीव्ही मॉनिटर म्हणून वापरणाऱ्यांना. संगणकात त्या पडद्याचे मोजमाप करून बनवलेले कलर प्रोफाइल असेल, तर रंगांचा हिशेब संगणक करतो; टीव्हीने पुन्हा ढवळाढवळ करू नये म्हणून नेटिव्ह.

उजेडाच्या खोलीत चित्र फिके वाटते म्हणून नेटिव्ह लावणे मात्र चुकीचे. तिथे कमतरता प्रकाशाची असते. ब्राइटनेस किंवा बॅकलाइट वाढवावा आणि कलर स्पेस ऑटोवरच ठेवावी. व्हिव्हिडची सवय झालेल्यांना ऑटोतले चित्र पहिले एक-दोन दिवस निस्तेज वाटते. तेवढे दिवस सेटिंगला हात न लावलेला बरा.