मिनी प्रोजेक्टचा ॲब्स्ट्रॅक्ट: रेफरन्स आला कुठून?

खामगावच्या एका ज्युनिअरने मागे त्याचा ॲब्स्ट्रॅक्ट वाचायला पाठवला. विषय होता अडॅप्टिव्ह फिल्टर वापरून रेकॉर्ड केलेल्या आवाजातला नॉइज काढणे. शेवटचं वाक्य होतं, ‘एलएमएस अल्गोरिदममुळे एसएनआरमध्ये मोठी सुधारणा झाली.’ मी त्याला एकच विचारलं, रेफरन्स सिग्नल कुठून घेतलास?

त्याने `randn` ने नॉइज तयार केला, तो स्वच्छ आवाजात मिसळला आणि तोच नॉइज फिल्टरला रेफरन्स म्हणून दिला. आता यात फिल्टरला शिकायचं काय? पहिला वेट १ आणि बाकीचे शून्य, झालं! कोड बरोबर चालतो हे यातून कळतं, पण खऱ्या खोलीतला नॉइज निघेल की नाही हे कळत नाही. व्हायव्हात गाडी हमखास इथेच अडते.

मग त्याने खरं रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. आपल्या बुलढाण्यात मे महिन्यात नॉइज शोधायला लांब जावं लागत नाही, खोलीतला कूलर पुरतो. एक माइक बोलणाऱ्यासमोर ठेवायचा, त्याचा सिग्नल d. दुसरा कूलरजवळ, त्याचा सिग्नल x. फिल्टर x वरून d मधल्या नॉइजचा अंदाज बांधतो, तो d मधून वजा करतो आणि उरतो तो e, म्हणजे आपला आवाज. बर्नार्ड विड्रो आणि सहकाऱ्यांनी १९७५ च्या पेपरमध्ये मांडलेली रचना हीच.

```
for n in range(L, len(d)):
    u = x[n:n-L:-1]
    e[n] = d[n] - w @ u
    w += mu * e[n] * u / (u @ u + 1e-6)
```

हा एनएलएमएस, म्हणजे नॉर्मलाइज्ड एलएमएस. पुस्तकात `mu` ची मर्यादा ० ते २ अशी दिलेली असते, पण इथे ०.०५ च्या आसपास किंवा त्याहून कमीच ठेवा. कारण माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाजही e मध्ये असतो आणि तो वेट्सना हलवत राहतो.

आता गंमत बघा. L = ३२ ठेवल्यावर कूलरचा आवाज जवळजवळ तसाच राहिला. का? बोलणाऱ्याचा माइक कूलरपासून २ मीटर लांब होता. ४० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३५५ मीटर, म्हणजे कूलरचा आवाज तिथे ५.६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ८००० हर्ट्‌झ सॅम्पलिंगला हे ४५ सॅम्पल झाले. ३२ सॅम्पलच मागे बघणाऱ्या फिल्टरला तो सापडणारच कसा! L = १२८ घेतलं की थेट आवाज आणि जवळचे प्रतिध्वनी बसतात. खात्री करायची तर वेट्सचा ग्राफ काढा. ४५ च्या आसपास उंच टोक दिसायला हवं. ते नसेल तर आधी रेकॉर्डिंग तपासा. दोन वेगळ्या मोबाइलवर रेकॉर्ड केलं असेल तर दोघांची घड्याळं हळूहळू सरकतात आणि टोक एका जागी टिकत नाही. दोन्ही माइक एकाच रेकॉर्डरच्या डाव्या-उजव्या चॅनेलला जोडा.

रिझल्ट मोजायचा कसा? खऱ्या रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ आवाज वेगळा हातात नसतो, त्यामुळे एसएनआर थेट काढता येत नाही. बोलण्यातल्या विरामात d आणि e चा आरएमएस मोजा. समजा तो ०.०२० वरून ०.००५ झाला, तर नॉइज १२ डीबीने घटला. पण एवढ्यावर थांबू नका. बोलणाऱ्याचा आवाज कूलरजवळच्या माइकमध्येही शिरला असेल तर फिल्टर तोही कापतो, आणि विरामातला आकडा मात्र छान येतो. म्हणून शिकलेले वेट्स गोठवा, कूलर बंद करून दोन्ही माइकवर तेच वाक्य रेकॉर्ड करा आणि ते याच फिल्टरमधून काढा. आवाज पोकळ, पातळ झाला असेल तर गळती आहे. मग दुसरा माइक कूलरच्या मागच्या बाजूला न्या.

एवढं झाल्यावर ॲब्स्ट्रॅक्ट लिहायला अर्धा तासही लागत नाही. कॉलेजात तो इंग्रजीत द्यायचा असला तरी आधी मराठीत लिहून बघा. वरचेच आकडे धरले (तुमचे वेगळे येतील) तर असा:

‘बंद खोलीत कूलर चालू असताना रेकॉर्ड केलेल्या बोलण्यातला नॉइज दोन माइक आणि १२८ टॅपचा एनएलएमएस फिल्टर वापरून कमी केला. रेफरन्स माइक कूलरजवळ आणि मुख्य माइक २ मीटर अंतरावर होता; दोन्ही सिग्नल एकाच रेकॉर्डरवर ८ किलोहर्ट्‌झने घेतले. विरामात मोजलेला नॉइज १२ डीबीने घटला. ३२ टॅपचा फिल्टर अपुरा पडला, कारण दोन माइकमधला उशीर ४५ सॅम्पलचा होता. प्रयोग एका खोलीत, एका वक्त्यावर आणि माइक न हलवता केला आहे.’

शेवटचं वाक्य ज्युनिअरला खोडायचं होतं, प्रोजेक्ट लहान वाटतो म्हणे. मी ते राहू द्यायला सांगितलं. परीक्षक विचारणारच, त्यापेक्षा आपणच लिहिलेलं बरं.