तीन रात्री सारखं दूध

सहा आठवड्यांचं बाळ. रात्री तीन-तीन तास झोपणारं, अचानक दर तासाला उठून दूध मागतं. व्हिडिओ कॉलवर आजी म्हणते, "दूध पुरत नाहीये गं, वरचं दूध सुरू कर."

बहुतेक वेळा तसं नसतं. साधारण तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग तिसऱ्या महिन्यात वाढीचा झपाटा येतो (बाळं कॅलेंडर बघत नाहीत, मागेपुढे होतंच). तेव्हा भूक आधी वाढते, दूध मागून. स्तन जितके रिकामे होतात, तितकं दूध भराभर तयार होतं. भरलेले राहिले की ते मंदावतं. रात्री बाटली दिली तर वाढलेली मागणी स्तनापर्यंत पोचतच नाही आणि दूध खरंच कमी पडू लागतं.

सोमवारी सुरू झालेला गोंधळ बहुधा गुरुवारपर्यंत निवळतो, क्वचित आठवडाभर चालतो. तोवर डायपर मोजा. चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले आणि वजन वाढतंय, म्हणजे दूध पुरतंय. डायपर कमी झाले, बाळ मलूल पडलं किंवा अंग ३८ अंश सेल्सिअसला पोचलं, तर मात्र हा झपाटा समजू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा.