वेचलेला सारांश, सांगितलेला सारांश

सारांश दोन रीतींनी होतो: मूळ वाक्ये वेचून किंवा आशय नव्या शब्दांत सांगून. हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये मांडलेली यांत्रिक पद्धत पहिल्या रीतीची; वारंवार येणाऱ्या अर्थवाही शब्दांवरून ती वाक्ये निवडत असे.

हा मजकूर पाहा: ‘समितीने धरणाची उंची वाढवण्याची सूचना केली. ती फेटाळावी, अशी शिफारस अभियंत्यांनी केली. सरकारने ती स्वीकारली.’ वेचताना मधले वाक्य गळले, की ‘ती’ सूचनेला चिकटते आणि निर्णय उलटा होतो. शब्द मात्र एकही बदललेला नसतो. दुसरी रीत म्हणेल: ‘अभियंत्यांच्या शिफारशीवरून सरकारने उंचीवाढ नाकारली.’ हे नेमके आहे. पण तीच रीत ‘धरण कमकुवत असल्याने’ असे मुळात नसलेले कारणही जोडू शकते.

म्हणून वेचलेल्या सारांशात प्रत्येक सर्वनामाचा धनी मुळात शोधावा. सांगितलेल्या सारांशात प्रत्येक विधानाचा आधार.