पट्ट्याच्या मागचा बर्फ

३१ ऑक्टोबर १९९४. इंडियानापोलिसहून शिकागोला निघालेलं एटीआर ७२ विमान दहा हजार फुटांवर, उतरायच्या परवानगीची वाट बघत घिरट्या घालत होतं. ढगातल्या पाण्याचं तापमान शून्याखाली होतं, पण ते गोठलेलं नव्हतं. असं अतिशीत पाणी विमानावर आदळलं की त्याचा बर्फ होतो. पंखाचा आकार जरासा बदलला तरी त्यावरचा हवेचा प्रवाह बिघडतो, म्हणून हा बर्फ घातक ठरतो.

त्यावर तीन उपाय आहेत आणि तिन्हींची कामं निराळी आहेत. उड्डाणापूर्वी जमिनीवर विमानावर ग्लायकोलचा द्रव फवारतात. गरम, पातळ द्रव साचलेला बर्फ वितळवतो. दाट, हिरवट द्रव पंखावर थर धरून नवा बर्फ काही काळ रोखतो. मात्र धावपट्टीवर वेग वाढताच हा थर वाऱ्याने निघून जातो. हवेत त्याचा उपयोग नाही.

बहुतेक मोठ्या जेट विमानांत इंजिनातली तापलेली हवा पंखाच्या पुढच्या कडेत खेळवतात, त्यामुळे तिथे बर्फ धरतच नाही. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाच्या इंजिनाला एवढी हवा देणं परवडत नाही. म्हणून पुढच्या कडेवर रबरी पट्टे असतात, त्यांना ‘बूट’ म्हणतात. ते ठरावीक वेळाने फुगतात आणि साचलेला बर्फ फोडतात. पण जिथवर पट्टा, तिथवरच त्याची सत्ता.

त्या दिवशी ढगात नेहमीच्या सूक्ष्म थेंबांसोबत बरेच मोठे थेंब होते. मोठा थेंब आदळताक्षणी पूर्ण गोठत नाही. मागे ओघळत जाऊन गोठतो. पट्टे फुगत होते, पण त्यांच्या मागे, विमान कलवणाऱ्या एलिरॉनच्या पुढे, बर्फाचा उंचवटा वाढत होता. घिरट्यांच्या वेळी फ्लॅप थोडे खाली होते, म्हणून नाक खाली राहून हवेचा प्रवाह टिकला. आठ हजार फुटांकडे उतरताना वेग वाढला, फ्लॅपसाठी तो जास्त असल्याचा इशारा वाजला आणि फ्लॅप मिटले गेले. नाक वर आलं, उंचवट्यामागचा प्रवाह पंखापासून सुटला आणि उजवं एलिरॉन आपोआप वर ओढलं गेलं. ऑटोपायलट सुटला, विमान उजवीकडे कलंडलं आणि रोझलॉन गावाजवळच्या शेतात कोसळलं. ६८ जण गेले.

ऑटोपायलट चालू असल्यामुळे बिघाड वैमानिकाच्या हाताला जाणवलाच नव्हता. नंतर एटीआरचे पट्टे मागपर्यंत रुंद केले गेले. पण त्याहून मोलाची ठरली ती खूण: कॉकपिटच्या बाजूच्या काचेच्या न तापवलेल्या भागावर बर्फ पसरू लागला, तर थेंब मोठे आहेत असं समजायचं. मग ऑटोपायलट काढून, विमान हातात घेऊन, त्या ढगातून ताबडतोब बाहेर पडायचं.